पडवीतली लाकडं

«काकी, तुमच्यासारखं घरात पाळणाघर सुरू करायचंय. जागा किती लागते, फी किती घ्यायची आणि लोक आपल्यावर मूल सोपवतात कसे?»

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याचं. पाळणाघराला त्यातली ओटी, माजघर आणि पडवी एवढंच दिलंय. मुलं सहा. दहा मावतील, पण संकट आलं तर मी आणि मदतीला येणारी बाई मिळून किती मुलं उचलून बाहेर नेऊ शकतो, यावर मी आकडा ठरवला. चालता न येणारी दोन आणि बोट धरून धावणारी चार. सातव्यासाठी कुणी कितीही गळ घातली तरी घेत नाही.

विहिरीला कठडा आहे आणि वर कुलूप लावलेली लोखंडी जाळी आहे. येणारा प्रत्येक जण आधी विहीरच बघतो. मला जास्त धास्ती न्हाणीतल्या बादलीची वाटते. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते वाकून बादलीत तोंडावर पडलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, पाणी वीतभर असलं तरी. आवाजही होत नाही. म्हणून मुलं असताना बादल्या उपड्या आणि न्हाणीची कडी वरची.

एवढी काळजी घेऊनही चूक झाली, ती लाकडांची. मे महिना होता, आगोटीची तयारी चालू होती. न्हाणीच्या चुलीची लाकडं भिजू नयेत म्हणून मी ती पडवीच्या कोपऱ्यात रचली. अडीच वर्षांची एक मुलगी तिथे पायपुसण्यावर बसून बाहुलीला जेवू घालत होती. एकदम किंचाळली. पायपुसणं उचललं तर खाली तांबूस, बोटाएवढा विंचू. आपल्याकडे मोठ्या काळ्या इंगळीला लोक जास्त भितात, पण जीवावर बेततं ते या लाल विंचवामुळे.

दोरी बांधली नाही, चिरा दिला नाही, कुठला पाला चोळला नाही. शेजारच्या रिक्षेने थेट सरकारी रुग्णालयात नेलं. वाटेतच तिला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले आणि एक उलटी झाली. नुसतं दुखणं वेगळं आणि ही लक्षणं वेगळी. विष हृदयावर ताण आणतंय, हे त्यावरून कळतं. डॉक्टरांनी तिला प्राझोसिन दिलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर हे औषध वापरून दाखवलं. त्याआधी कोकणात अशा दंशाने कितीतरी मुलं दगावायची. मुलीला रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि सकाळी ती दूध-बिस्किट मागायला लागली.

तिच्या आईला फोन मी रिक्षेतूनच केला होता. «विंचू चावलाय, दहा मिनिटं झाली. घाम येतोय, शुद्धीवर आहे. आम्ही सरकारी दवाखान्यात निघालोय, तुम्ही थेट तिकडेच या.» एवढंच बोलले. काही झालं नाही, काळजी करू नका, असलं काही म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. संध्याकाळी उरलेल्या पाचही घरी स्वतः गेले आणि लाकडं मीच रचली होती हे सांगितलं. एका घराने दुसऱ्या दिवसापासून मूल बंद केलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं असतं. चार घरं राहिली.

त्या आठवड्यात लाकडं गोठ्यात गेली आणि भिंतीतल्या फटी सिमेंटने भरल्या. पायपुसणं, चपला, चादरी रोज सकाळी झटकायच्या आणि मगच दार उघडायचं, हा नियम झाला.

फीचं थोडक्यात सांगते. पूर्ण दिवसाचे महिना ३,००० रुपये घेते. सहा मुलांचे १८,००० होतात. त्यातून मदतनीस बाईंचे ७,००० आणि दूध, खिमट, गॅस, विजेचे ३,००० जातात. मला ८,००० उरतात. फी कमी ठेवून मुलं वाढवावीत असा मोह होतो, पण सातवं मूल घेतलं की वर सांगितलेला उचलायचा हिशोब मोडतो. सुट्टीचे पैसे कापत नाही, हे पहिल्या दिवशीच सांगते, म्हणजे नंतर तोंड वाकडं होत नाही.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. तिची आई आजही पोरीला आत सोडण्याआधी पडवीतलं पायपुसणं स्वतः उचलून बघते. मी ते आधीच झटकलेलं असतं, पण तसं मी तिला सांगत नाही. तिचं बघून होईपर्यंत दारात थांबते.