डबी दिसू दे, गुडघा नको

“सप्लिमेंटच्या डबीचं चित्र एआयकडून करून घ्यायचंय. दिसायला विश्वासार्ह हवं, पण आजार बरा होतो असं कुठेही सुचायला नको. प्रॉम्प्टमध्ये नेमकं लिहिता तरी काय?”

सगळ्यात आधी मी ‘ट्रस्टवर्दी’ हा शब्दच काढून टाकतो. क्लायंटच्या ब्रीफमध्ये तो हमखास असतो. पण विश्वासाचं चित्र काढायचं म्हटलं की इमेज जनरेटर आपलं ठरलेलं सामान मांडतो: पांढरा कोट, स्टेथोस्कोप, हिरवा क्रॉस. ‘हेल्थ’ आणि ‘फार्मसी’ या शब्दांचंही तेच. डबीशेजारी डॉक्टर उभा राहिला की एक अक्षर न छापता दावा झालाच.

मध्यंतरी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी३च्या गोळ्यांचं काम होतं. साठ गोळ्यांची पांढरी डबी, दिवसाला एक गोळी. क्लायंटला मागे चमकणारं हाड हवं होतं. ते नाही म्हटल्यावर निदान जिना चढणारे आजोबा तरी. दोन्हीचा अर्थ एकच, ‘गुडघे सुधारतात’. मग दुधाचा पेला सुचवला गेला. तो वरवर निरुपद्रवी वाटतो, पण कॅल्शियमच्या डबीशेजारी ठेवला की ‘ही गोळी म्हणजे दूधच’ असं वाचलं जातं. कृत्रिम व्हिटॅमिन सीच्या डबीजवळ संत्र्याची फोड ठेवतात तोही असाच प्रकार, कारण गोळीत संत्र्याचा थेंबही नसतो.

मग मी असं लिहिलं:

```
product photo, one matte white plastic jar, white screw cap,
blank label, one oval white tablet in front of jar,
light grey tabletop, soft daylight from left, natural shadow,
eye-level view, empty background
```

यात एकही विशेषण गुणाचं नाही, सगळी वस्तूंची आहेत. मॅट प्लास्टिक, कारण चकचकीत डबीवर प्रकाशाचे पट्टे येतात आणि ती शाम्पूची वाटते. प्रकाश एका बाजूने आणि मऊ. डबीच्या मागून उजेड टाकला की भोवती प्रभावळ उमटते, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी, आणि डबी चमत्कारी दिसायला लागते. सावली मात्र हवीच. ती नसली की डबी टेबलावर टेकलेलीच वाटत नाही. गोळी एकच, कारण सेवन एकाच गोळीचं. मूठभर गोळ्या सांडलेल्या दाखवायची फॅशन मला मुळीच आवडत नाही.

‘नो डॉक्टर’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहून मी कधी विसंबत नाही. काही मॉडेल्स नुसता उल्लेख झाला तरी डॉक्टरला घेऊन येतात. नकोशा गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे लिहावं, नाहीतर जे हवं तेवढंच सांगावं.

चित्र आलं की ते मोठं करून बघायचं. पहिली नजर गोळीवर. कॅप्सूल शब्द नसतानाही जनरेटर कधीकधी सोनेरी, पारदर्शक सॉफ्टजेल देतो. अशा कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राणिज. शेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका असला तर जाणकार ग्राहक तिथेच थांबेल. मग झाकणाशी गोळीचं माप ताडून बघायचं; गोळी झाकणाएवढी आली असेल तर चित्र बाद. शेवटी लेबलची डावी कड. औषधांच्या पाकिटांची चित्रं पाहून शिकलेला हा जनरेटर कधी तिथे लाल उभी रेघ ओढतो. आपल्याकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची खूण आहे, सप्लिमेंटवर तिचं काही काम नाही. लाल क्रॉस आला तर तोही पुसायचा. त्या चिन्हाला १९६०च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याचं संरक्षण आहे, ते परवानगीशिवाय वापरता येत नाही.

यानंतर माझी एक साधी चाचणी असते. लेबल कोरंच ठेवून चित्र घरातल्या कुणाला तरी दाखवायचं आणि ‘हे कशासाठी असेल?’ एवढंच विचारायचं. आजोबांचं चित्र मावशीला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, “गुडघ्यांचं औषध का रे?” वरच्या प्रॉम्प्टचं चित्र पाहून म्हणाली, “कसल्यातरी गोळ्या आहेत. कुठल्या ते लिही की वर!” मला हेच उत्तर हवं होतं.

लिहायचं काम मात्र जनरेटरकडे द्यायचं नाही. अक्षरं तो अजूनही अधूनमधून बिघडवतो, आणि आकर्षक शब्द स्वतःच्या मनाने घालतो ते वेगळंच. छपाईसाठी मंजूर झालेलं लेबल डिझायनरने कोऱ्या जागेवर डबीच्या गोलाईप्रमाणे वळवून बसवायचं. एफएसएसएआयच्या नियमांनुसार लेबलवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ हे शब्द असावे लागतात. बरेच जण लेबल असं फिरवतात की दुसरी ओळ वळणाआड जाते. मी ती समोर ठेवतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावरचा मुख्य फोटो मात्र खऱ्या डबीचाच काढून घ्या. तिथे गिऱ्हाईक जे बघतं तेच घरी यायला हवं. एआयचं चित्र बॅनरपुरतं.