नऊ लेखक, अकरा प्रकरणं, एक पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्तानं गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं. लेखक नऊ होते आणि प्रकरणं अकरा. समितीत मी सगळ्यांत लहान, शिवाय कॉम्प्युटर येणारी, म्हणून जुळवाजुळवीचं काम माझ्याकडे आलं. छपाई डेमी आकारात होणार होती, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. प्रेसवाल्यांना त्याच मापात बसवलेली एकच पीडीएफ हवी होती.

मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम असेल. डेमी आकाराची नवी वर्ड फाइल उघडली आणि `Insert`, `Object`, `Text from File` असं करत एकेक प्रकरण आत घेत गेले. तीन प्रकरणं नीट आली. चौथं आत आलं आणि आधीच्या तिन्हींची पानं एकदम ए-फोर झाली. मी त्यांना हातही लावला नव्हता.

कारण शोधायला अख्खी रात्र गेली. वर्डमध्ये पानाचा आकार आणि समास पानाला चिकटलेले नसतात, ते सेक्शनला चिकटलेले असतात, आणि सेक्शनची मापं त्याच्या शेवटी येणाऱ्या सेक्शन ब्रेकमध्ये साठवलेली असतात. चौथ्या प्रकरणात शेतजमिनीचा एक रुंद तक्ता होता. लेखकानं त्यासाठी एक पान आडवं केलं होतं, म्हणून तक्त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ब्रेक होते. पहिल्या ब्रेकमध्ये ए-फोर उभं पान नोंदलेलं होतं. माझ्या तीन प्रकरणांच्या शेवटी स्वतःचा ब्रेकच नव्हता, त्यामुळे ती सगळी त्या पाहुण्या ब्रेकच्या ताब्यात गेली. मी तो ब्रेक पुसून टाकला, तर पुढच्या ब्रेकची मापं लागू झाली आणि चारही प्रकरणं आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी त्या फाइलमध्ये अनुक्रमणिका घालून पाहिली, तर तीनच प्रकरणं दिसली. बाकीच्यांची शीर्षकं दिसायला शीर्षकं होती, पण खरं तर ती अक्षरं ठळक आणि मोठी करून मध्यभागी आणलेल्या साध्या ओळी होत्या. वर्ड अनुक्रमणिका बनवतो ती `Heading 1`, `Heading 2` या स्टाइल पाहून, अक्षराची जाडी पाहून नाही. हे तपासायला सोपी जागा म्हणजे `View` मधला `Navigation Pane`. खरं शीर्षक असेल तर तिथे दिसतं, नाहीतर दिसत नाही.

ती फाइल मी बाजूला ठेवली आणि कामाचा क्रम उलटा केला. आधी प्रत्येक प्रकरण वेगळं स्वच्छ करायचं आणि मगच जोडायचं. त्यासाठी एक कोरी नमुना फाइल बनवली. त्यात डेमी पान, बांधणीच्या बाजूला जास्त समास आणि मोजक्या पाच स्टाइल ठेवल्या: प्रकरणाचं नाव, उपशीर्षक, मजकूर, उतारा आणि चित्राखालची ओळ. टंक निवडला तिरो देवनागरी मराठी, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. मात्र त्याला ठळक रूप नाही. वर्डमध्ये `B` दाबलं की तो अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि छपाईत ते चिखलासारखं दिसतं. म्हणून शीर्षकं ठळक न करता फक्त आकारानं मोठी ठेवली: मजकूर १२, उपशीर्षक १४, प्रकरणाचं नाव २०. मला ते अजूनही ठळक शीर्षकांपेक्षा देखणं वाटतं.

टंक बसवतानाही एक गाठ बसली. मजकुराच्या स्टाइलमध्ये तिरो निवडला, तर लेखातले इंग्रजी शब्द बदलले आणि मराठी अक्षरं होती तशीच मंगलमध्ये राहिली. वर्ड देवनागरीसाठी वेगळा कप्पा ठेवतो. स्टाइल बदलताना `Format`, मग `Font` उघडलं की खाली `Complex scripts` असं वेगळं खोकं दिसतं. मराठीचा टंक आणि आकार तिथे द्यायचा असतो. वरच्या `Latin text` मधला १२ आकडा मराठीला लागतच नाही. हा कप्पा पाचही स्टाइलमध्ये भरला, तेव्हा कुठे सगळं एकसारखं दिसायला लागलं.

सगळ्यांत सोपं प्रकरण निघालं ते एका काकूंनी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवलेलं. त्यात काही सजावटच नव्हती, त्यामुळे अर्ध्या तासात झालं. सगळ्यांत अवघड होतं ते आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचं. फाइल उघडली तर पडद्यावर मराठी सुरेख दिसत होतं, पण टंक तिरो केला की `Hkkjr` असली अक्षरं उमटायची.

मी फोन केला. "सर, हे तुम्ही कशात टाइप केलंय?"

"मी कुठला करतोय गं! तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलं. का, चुकलंय का काही?"

चुकलं काहीच नव्हतं, फक्त ते कृतिदेवमध्ये होतं. अशा जुन्या टंकांत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात आणि टंक त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. टंक बदलला की पडदा सरतो आणि `Hkkjr` उघडं पडतं, ते खरं म्हणजे 'भारत' असतं. म्हणून इथे नुसता टंक बदलून चालत नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. रूपांतर करायची साधनं सहज मिळतात, पण त्यांच्यातून पार पडताना तीन गोष्टी बिघडल्या.

लेखात खरे इंग्रजी शब्द होते, तेही कृतिदेव समजून निरर्थक मराठी झाले. ते मूळ फाइल शेजारी ठेवून हातानं परत घातले. तळटीपा रूपांतरात आल्याच नाहीत, कारण त्या साधनात फक्त मुख्य मजकूर चिकटवता येत होता. चौदा टीपा वेगळ्या रूपांतरित करून एकेक जागच्या जागी घातल्या.

तिसरी गोष्ट जास्त फसवी होती. ते साधन हिंदी मजकुरासाठी बनवलेलं असावं, त्याला आपला ऱ माहीत नव्हता. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं आणि 'शेतकऱ्यांनी'चं 'शेतकर्यांनी'. भरभर वाचताना हे डोळ्यांतून निसटतं. मी घाईनं सगळीकडचं र्य बदलून ऱ्य केलं, तर 'काऱ्यालय', 'मऱ्यादा' आणि 'पऱ्याय' तयार झाले. ते लगेच मागे घेतलं आणि मग र्य शोधत एकेक ठिकाणी थांबून ठरवलं. वाचताना रफार हवा असेल तर सोडून द्यायचं, नाहीतर बदलायचं. तासाभराचं काम होतं, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडला नाही. शेवटी वाचनालयातल्या बाईंनी सरांची छापील प्रत मोठ्यानं वाचली आणि मी पडद्यावर जुळवत गेले.

यातून एक जास्तीचं कळलं. जी प्रकरणं आधीपासून युनिकोडमध्ये होती, त्यांतही 'शेतकऱ्यां' दोन प्रकारे लिहिलेलं होतं. काहींनी ऱ हे अक्षर वापरलं होतं, काहींनी र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे पहिला प्रकार करून घेतला.

बाकीच्या प्रकरणांचा क्रम मग ठरूनच गेला. प्रत नमुना फाइलमध्ये आणायची. एकेका परिच्छेदाला स्टाइल द्यायची. मग जुनी हातची सजावट काढायला मजकूर निवडून `Ctrl+Q` आणि `Ctrl+Space` दाबायचं. पहिलं परिच्छेदाची अंतरं काढतं, दुसरं अक्षरांची सजावट. पण `Ctrl+Space` तळटीपांचे आकडेही साधे करून टाकतं. मजकुरात वर टांगलेला १ खाली येऊन शब्दाला चिकटला आणि '१९४२१' असं साल दिसायला लागलं! तो टीपेचा आकडा होता. `Find` मध्ये `^f` लिहिलं की सगळे टीपांचे आकडे सापडतात. `Replace` मध्ये `^&` लिहून त्याला `Footnote Reference` स्टाइल दिली की ते परत वर जातात. टीपांचा मजकूर मात्र `Ctrl+A` मध्ये येत नाही. टीपेत कर्सर ठेवून तो वेगळा निवडावा लागतो, आणि हे मी दोन प्रकरणांत विसरले होते.

चौथ्या प्रकरणातला आडवा तक्ता मी लेखकांना विचारून दोन उभ्या तक्त्यांत विभागला. डेमी पानावर आडवा तक्ता वाचताना पुस्तक फिरवावं लागतं, ते मला पटत नव्हतं. त्यामुळे ते दोन्ही ब्रेकही गेले. जोडण्याआधी `^b` शोधून प्रत्येक फाइलमध्ये असा एखादा ब्रेक लपलेला नाही ना, ते पाहिलं. आणखी दोन सापडले.

जोडणी एका दुपारी झाली. प्रत्येक प्रकरणाआधी मी माझाच सेक्शन ब्रेक घातला. एक म्हणजे पाहुण्या मापांचा शिरकाव आधीच्या पानांपर्यंत पोचू नये, आणि दुसरं म्हणजे तळटीपांचे आकडे प्रत्येक प्रकरणात १ पासून सुरू व्हावेत. त्यासाठी टीपांच्या सेटिंगमध्ये `Restart each section` निवडलं. स्टाइलची नावं सगळीकडे तीच असल्यानं आत येणारं प्रकरण मूळ फाइलचंच रूप घेत होतं. फक्त फोटो वाकडे वागले. ओळींमधलं अंतर मी नेमकं १८ पॉइंट ठेवलं होतं, त्यामुळे मजकुराच्या स्टाइलमधल्या फोटोची एका ओळीएवढीच पट्टी दिसत होती. फोटोच्या परिच्छेदाला वेगळी स्टाइल दिली, तिचं अंतर `Single` ठेवलं आणि फोटो पूर्ण दिसले.

फाइल प्रेसला जायच्या दोन दिवस आधी सरांनी तालुक्याहून सुधारलेलं प्रकरण पाठवलं. पूर्ण फाइल, पुन्हा कृतिदेवमध्ये.

"सर, आता अख्खी फाइल नको," मी म्हटलं. "मी दिलेली छापील प्रत घ्या आणि कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत काय बदलायचं ते फोनवर सांगा."

"बरं, लिहून घे. पान चौऱ्याहत्तर, खालून तिसरी ओळ."

एकूण पाच दुरुस्त्या होत्या. त्या करून अनुक्रमणिकेवर कर्सर ठेवला, `F9` दाबून `Update entire table` केलं, अकराही प्रकरणांचे पृष्ठांक एकदा पानं उलटून पडताळले आणि पीडीएफ प्रेसला पाठवली.