बाळंतपणानंतरचा रक्तदाब: गोळ्या कशा कमी झाल्या आणि कधी थांबल्या

गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत माझा रक्तदाब कधीही चिंता करावी इतका वाढला नव्हता. प्रसूती दिवस भरल्यावर, नैसर्गिकरीत्या झाली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयातून थेट माहेरी आलो. त्यामुळे पाचवीच्या पूजेच्या संध्याकाळी कपाळ फुटेल असे डोके दुखू लागले, तेव्हा घरातल्या सर्वांनी त्याचा दोष जागरणाला दिला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकल्यासारखे होत होते आणि ते जागरणाचे लक्षण वाटत नव्हते. वडिलांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरात होते. पहिला आकडा १६२/१०६ आला. पंधरा मिनिटे शांत बसून पुन्हा मोजले, तर १६६/१०८. रुग्णालयात फोन केल्यावर ‘सकाळची वाट पाहू नका, आत्ताच निघा,’ असे सांगण्यात आले.

गरोदरपणात ठीक असलेला रक्तदाब बाळ झाल्यावर कसा वाढतो, हे मला तेव्हा कळत नव्हते. नंतर डॉक्टरबाईंनी त्याचे कारण समजावून सांगितले. गरोदरपणात अंगात, विशेषतः पायांत आणि त्वचेखाली, बरेच पाणी साठलेले असते. प्रसूतीनंतर ते पुन्हा रक्तात परतू लागते आणि रक्तवाहिन्यांतील भार वाढतो. म्हणून रक्तदाब प्रसूतीच्या दिवशी नव्हे, तर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर असतो. नेमके त्याच दिवसांत बहुतेक बाळंतिणी घरी आलेल्या असतात आणि कोणी रक्तदाब मोजत नसते. (आपली पाचवी-सटवाई त्याच दिवसांत यावी, हा योगायोग मला अजून विसरता आलेला नाही.) गरोदरपणातील रक्तदाबाशी जोडलेला आजार, ज्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, तो पहिल्यांदा प्रसूतीनंतरच उघड होऊ शकतो आणि त्याचा धोका सुमारे सहा आठवड्यांपर्यंत राहतो.

रुग्णालयात आकडा १६८/११० होता. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर तासाभराच्या आत औषध सुरू करायचे असते, कारण त्या पातळीला मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. मला निफेडिपिनची लवकर काम करणारी गोळी गिळायला दिली आणि वीस मिनिटांनी रक्तदाब मोजून आणखी एक दिली. त्याचबरोबर मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले. ते रक्तदाब उतरवण्यासाठी नव्हते, तर झटके येऊ नयेत म्हणून होते. ते चालू असताना परिचारिका वारंवार गुडघ्यावर हलकेच हातोडी मारून प्रतिक्रिया पाहत, लघवी मोजत आणि श्वास मोजत, कारण औषध जास्त झाले तर त्याची पहिली खूण तिथे दिसते. त्या काळातही बाळाला अंगावर पाजता आले. रक्त आणि लघवीच्या तपासण्यांत लघवीतील प्रथिन वाढलेले निघाले. यकृत, मूत्रपिंड आणि प्लेटलेट ठीक होते.

घरी पाठवताना दोन औषधे लिहून दिली: निफेडिपिनची सावकाश विरघळणारी २० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि एनालाप्रिल ५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा. आईचा पहिला प्रश्न होता, ‘हे सगळे दुधातून बाळाला जाणार ना?’ सासूबाईंचे मत तर स्पष्ट होते की गोळ्या चालू असेपर्यंत पावडरचे दूध द्यावे. डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितले की प्रश्न औषध दुधात जाते का हा नसून किती जाते हा आहे. निफेडिपिन रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहते, त्यामुळे दुधात फार थोडे उतरते. एनालाप्रिलही दुधात फार थोडे उतरते. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळावर त्याचा परिणाम अपेक्षित नसतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, तर त्या अधिक सावध राहिल्या असत्या. गोळी घेतल्यावर इतके तास थांबून पाजावे, असेही काही वेळापत्रक नव्हते. बाळ नेहमीसारखे पीत असावे, सुस्त वाटू नये आणि वजन वाढत असावे, एवढे पाहायचे होते. वजन वाढत राहिले, तसा पावडरच्या दुधाचा विषय घरात मागे पडला.

याच काळात माझ्या आतेभावाने, जो स्वतः डॉक्टर आहे, विचारले की दिवसातून एकदाच घ्यायची टेल्मिसार्टन का देत नाहीत. ती गोळी आपल्याकडे रक्तदाबाच्या असंख्य रुग्णांना चालू असते, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर असे मिळाले की स्तनपानाच्या काळातील तिच्याबद्दलची माहिती अपुरी आहे, आणि ज्यांची माहिती भरपूर आहे अशी औषधे हाताशी असताना तिच्याकडे जाण्याचे कारण नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते, म्हणून त्या दीर्घकाळ देणे टाळतात. मिथाइलडोपा हे गरोदरपणात नेहमी वापरले जाणारे औषध प्रसूतीनंतर बदलतात, कारण त्याने मन उदास होण्याची शक्यता वाढते आणि बाळंतिणीला तो धोका आधीच असतो. लॅबेटॅलॉल चालले असते, पण मला लहानपणापासून दमा आहे आणि दम्याच्या रुग्णांना ते देत नाहीत. एनालाप्रिलच्या बाबतीत दोन अटी होत्या. एक म्हणजे सुरू केल्यावर आठवडाभराने रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे. दुसरी अधिक महत्त्वाची: पुन्हा दिवस राहिले, तर हे औषध गर्भाला घातक ठरते, आणि अंगावर पाजणे हा भरवशाचा संततिनियमनाचा उपाय नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आम्ही तांबी बसवून घ्यायचे ठरवले.

घरी रोज सकाळी आणि संध्याकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायचा होता. हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. बाळ मांडीवर असताना, पाजून लगेच किंवा खाटेवर कलून मोजले की आकडा वेगळाच येतो. पाठ टेकून खुर्चीत बसायचे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटे गप्प, आणि मग दोन वेळा मोजून दुसरा आकडा लिहायचा, अशी शिस्त लागली. वडिलांच्या यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला लहान होता आणि लहान पट्टा रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. म्हणून मोठा पट्टा आणला आणि यंत्र रुग्णालयातील यंत्राशेजारी ठेवून पडताळून घेतले. बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले होते, तेव्हा संध्याकाळी १५२/९८ आला. दार लावून शांत पडून राहिल्यावर अर्ध्या तासाने १३८/८८ झाला. १५०/१०० च्या वर आकडा टिकून राहिला तर फोन करायचा, हे ठरलेले असल्याने त्या दिवशी धावपळ झाली नाही.

डोकेदुखीचा घोळ मात्र आठवडाभर चालला. निफेडिपिननेच डोके दुखते, चेहरा तापतो आणि घोट्यांना सूज येते. म्हणजे धोक्याचे लक्षण आणि औषधाचा परिणाम दोन्ही एकसारखेच. फरक करण्याची रीत डॉक्टरबाईंनी सांगितली. डोके दुखले की आधी रक्तदाब मोजायचा. तो १४० च्या खाली असेल, दुखणे गोळीनंतर तासा-दोन तासांत येत असेल आणि पॅरासिटामॉलने थांबत असेल, तर बहुधा ते गोळीचेच. दृष्टी धूसर होणे, छातीच्या खाली उजवीकडे कळ येणे किंवा आडवे पडल्यावर धाप लागणे, यांपैकी काहीही जोडीला आले, तर आकडा कितीही असो, रुग्णालय गाठायचे.

गोळ्या कमी कधी होणार, याचे उत्तर आम्हाला तारखेत हवे होते आणि ते आकड्यांत मिळाले. रक्तदाब सलग काही दिवस १४०/९० च्या खाली राहिला की मात्रा कमी करण्याचा विचार करायचा, १३०/८० च्या खाली गेला तर कमी करायचीच. एका वेळी एकच औषध, आणि प्रत्येक पायरीनंतर काही दिवस वाट पाहायची. तिसऱ्या आठवड्यात वहीतील बहुतेक आकडे १३० च्या आसपास आले, तेव्हा आधी निफेडिपिन निवडले, कारण त्रास त्याचाच होता. २० च्या गोळीचे तुकडे करायचे नसतात, ती मोडली किंवा चावली तर सगळे औषध एकदम उतरते. म्हणून १० मिलिग्रॅमची वेगळी गोळी लिहून दिली. मात्रा घटवल्यावर तिसऱ्या दिवशी आकडा १४४/९४ झाला. मला वाटले, आता पुन्हा वाढवणार. पण १५०/१०० पर्यंत गेलेला नाही, आणखी चार दिवस पाहू, असे ठरले, आणि तो आपोआप १३४ वर स्थिरावला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी निफेडिपिन पूर्ण थांबले आणि सुजलेले घोटे त्यानंतर लवकरच उतरले.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत लघवीतील प्रथिन गेलेले होते आणि एनालाप्रिलवर रक्तदाब १२६/८२ होता. ‘सव्वा महिना संपला, आता गोळी कशाला?’ असे आईने विचारलेच. ती गोळी आधी दिवसातून एकदा, मग अडीच मिलिग्रॅम अशी उतरवत दहाव्या आठवड्यात थांबवली. नंतरही दोन आठवडे मोजणे चालू ठेवले, कारण गोळी थांबल्यावर रक्तदाब हळूहळू वर सरकतो की नाही, हे पाहिल्याशिवाय ती खरोखर अनावश्यक झाली असे म्हणता येत नाही. सर्वांनाच एवढे दिवस लागत नाहीत आणि काहींना यापेक्षा जास्त लागतात. माझ्या शेजारच्या खाटेवरील बाईंना गरोदरपणाच्या आधीपासूनच रक्तदाब होता, त्यांच्या गोळ्या चालूच राहणार होत्या, आणि त्याही बाळाला पाजतच होत्या. बारा आठवड्यांनंतरही रक्तदाब वाढलेला राहिला असता, तर तो प्रसूतीपुरता आजार न मानता कायमचा रक्तदाब समजून त्याची कारणे शोधली असती. माझा १२४/७८ आला.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत दोन ओळी आहेत: दर वर्षी रक्तदाब तपासणे, कारण अशा स्त्रियांना पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराची शक्यता अधिक असते; आणि पुढच्या गरोदरपणात बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करण्याविषयी पहिल्याच भेटीत विचारणे.