पंचनामा कन्नडात होता

निपाणीत तहसील कचेरीशेजारी माझं टायपिंगचं दुकान आहे. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही चालतं. लोकांना वाटतं आम्ही सांगितलेलं नुसतं टाइप करतो. खरं काम असतं ते सांगितलेल्यातलं तीन चतुर्थांश गाळायचं.

एका वहिनींच्या भावानं आणलेला विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा चार पानी होता. कंपनीनं छळ केला, बहिणीला मनस्ताप झाला, पाच लाख भरपाई द्या, वगैरे. एकही तारीख धड नव्हती. मी म्हटलं, राग घरी ठेवा आणि पिशवी आणा. पिशवी म्हणजे कागदांची. प्रत्येक घरात एक असते, बहुतेक साडीच्या दुकानाची.

प्रकरण असं. वहिनींचे मालक तवंदी घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेले. आठ लाखांची साधी आयुर्विमा पॉलिसी होती, अपघाताचा जोडविमा नव्हता. एजंट कागलचा, शाखा कोल्हापूरची. 18 नोव्हेंबर 2024 ला वहिनींनी शाखेत दावा आणि सगळे कागद एकदमच दिले. नियमानं मृत्यूचा दावा चौकशी नको असेल तर 15 दिवसांत आणि चौकशी लागली तर 45 दिवसांत निकाली काढायचा असतो. 25 तारखेला कंपनीचंच पत्र आलं, की चौकशी अधिकारी नेमला आहे, 2 जानेवारीपर्यंत निर्णय कळवू. ही मुदत त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर स्वतः दिलेली होती.

निर्णय आला नाही. त्याऐवजी 27 डिसेंबरचं दुसरं पत्र आलं. पोलिसांचा पंचनामा कन्नडमध्ये आहे, त्याचं भाषांतर द्या, शिवाय मयताचा वाहन चालवण्याचा परवाना द्या. मागण्या काय त्या एकदम करायच्या, अशा तुकड्यातुकड्यांनी करायच्या नाहीत. पण मुदत संपत आली की एक कागद मागायचा आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचं, ही खोड जुनी आहे.

इथं माझी चूक झाली. भाषांतर मीच केलं. 8 जानेवारीला ते वहिनींनी शाखेत दिलं, सोबत माझं दोन ओळींचं पत्र: 'मागणीप्रमाणे भाषांतर सादर करीत आहे.' त्यात एक वाक्य हवं होतं: 'ही मागणी मान्य नाही, दावा 18 नोव्हेंबरलाच पूर्ण होता, हक्क राखून देत आहे.' बावीस वर्षं हेच करतोय आणि ते वाक्य सुचलं नाही. बाहेर उताऱ्यांची रांग होती, हे काही कारण नव्हे.

त्याच्या दोन दिवस आधी, 6 जानेवारीला, मुदत चुकल्याची तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेली होती. त्याचं उत्तर 14 दिवसांत यायला हवं होतं. आलं 3 फेब्रुवारीला: 'अंतिम कागद 8 जानेवारीला मिळाल्याने दावा विहित मुदतीत प्रक्रियेत आहे.' माझं पत्र माझ्यावरच उलटवलं होतं.

मग विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं ठरलं. तिथं फी नाही, वकील चालत नाही. कंपनीच्या उत्तरानं समाधान झालं नाही, किंवा महिन्याभरात उत्तरच आलं नाही, की जाता येतं. भावाला वाटत होतं कर्नाटकात राहतो म्हणजे बेंगळुरू. पण तक्रार राहत्या पत्त्याच्या लोकपालाकडे करता येते, तशी कंपनीच्या शाखेच्या हद्दीतल्या लोकपालाकडेही. शाखा कोल्हापूरची, म्हणजे पुणे. बोलायचं वहिनींना होतं, आणि त्यांना मराठीच येते. सीमेवर राहण्याचा एवढा फायदा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

तारखा लावताना पहिल्याच कागदाला अडलो. पोच प्रतीवरचा शिक्का फरफटलेला. 18 म्हणावं तर 18, 28 म्हणावं तर 28. दिव्याखाली धरला, मोबाइलवर मोठा करून पाहिला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "दादा, मेसेज आला आसंल की ह्यांच्या नंबरावर." पॉलिसीला नंबर मालकांचाच होता. फोन कपाटात होता, पोलिसांनी परत दिलेला, काच वरच्या कोपऱ्यातून फुटलेली. दुकानात चार्जरला लावला. वीस मिनिटांनी उजळला. 18 नोव्हेंबर, दुपारी 3 वाजून 12 मिनिटं, दावा नोंदवल्याचा मेसेज. सिम तेव्हा चालू होतं, पुढं रिचार्ज कुणी केलाच नाही. वहिनींनी फोनकडं पाहिलं नाही. मी फोटो काढला आणि परिशिष्ट 'अ' केलं.

दुसरी गोष्ट रात्री सापडली. 27 डिसेंबरचं पत्र दहाव्यांदा वाचत होतो. त्यात लिहिलं होतं, 'पंचनाम्यावरून मयत इसम स्वतः वाहन चालवीत असल्याचे दिसते, सबब परवाना सादर करावा.' म्हणजे कन्नड पंचनामा कुणीतरी वाचला होता. वाचल्याशिवाय हे वाक्य येतं कुठून? मग भाषांतर कशाला? आणि साध्या आयुर्विम्यात परवान्याचा संबंध काय? दोन्ही प्रश्न मी शेजारी शेजारी ठेवले, एकही विशेषण न लावता.

10 फेब्रुवारीला पत्र गेलं. दीड पान. तारखा, मग ते दोन प्रश्न, मग मागणी: आठ लाख आणि उशिराचं व्याज. व्याज म्हणजे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा रिझर्व्ह बँकेचा बँक रेट अधिक 2 टक्के. तेव्हा 6.75 होता, म्हणजे 8.75 टक्के, दिवसाला 191 रुपये 78 पैसे. मनस्तापाचे पाच लाख काढून टाकले. भाऊ नाराज झाला.

12 मार्चला आठ लाख खात्यात आले. व्याज नाही. वर एक कोरा नमुना, तक्रार मागे घेतल्याचा. शाखेतून रोज फोन. वहिनींनी विचारलं, "सही केली तर व्याज मिळंल?" म्हटलं, नाही. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला.

सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्याच दुकानात. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, स्टुलावर. वहिनी न अडखळता बोलल्या. पंचनाम्याच्या वाक्याचं उत्तर कंपनीच्या माणसाला देता आलं नाही. पण त्यानं 8 जानेवारीचं पत्र पुढं केलं. तुम्हीच तर हरकत न घेता कागद दिला. लोकपालांनी तडजोड सुचवली: व्याज 8 जानेवारीपासून. 63 दिवसांचे 12,082 रुपये. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलायचं नव्हतं. त्या "व्हय" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विड्यांचा माल द्यायचा होता, पुन्हा तारीख नको होती.

18 नोव्हेंबरपासून धरलं असतं तर 21,863 झाले असते. फरक 9,781 रुपयांचा. भाषांतराचे पैसे मी घेतले नव्हते, ते वहिनींनी त्या दिवशी टेबलावर ठेवले. मी परत दिले. त्यांना वाटलं, माणुसकी म्हणून.