‘मंगळवारी मी माझा असतो’ : तीन मुलाखतींच्या विश्लेषणाचा माझा अनुभव

मानसशास्त्राच्या एम. ए.च्या प्रबंधासाठी मी डायलिसिसवर असलेल्या तीन व्यक्तींच्या मराठीतून मुलाखती घेतल्या होत्या आणि त्यांचे विश्लेषण आयपीए, म्हणजे अर्थनिर्णयात्मक घटनाशास्त्रीय विश्लेषण, या पद्धतीने करायचे ठरवले होते. जोनाथन स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत माणसे थोडीच घेतात, कारण प्रत्येकाचा अनुभव आणि त्याने त्याला दिलेला अर्थ आधी स्वतंत्रपणे समजून घ्यायचा असतो आणि माणसामाणसांतील समान धागे त्यानंतर शोधायचे असतात.

माझी पहिली चूक याच बाबतीत झाली. पहिल्या मुलाखतीचे लिप्यंतर दोनदा वाचून मी ‘आर्थिक ताण’, ‘कुटुंबाचा आधार’, ‘आहाराची बंधने’ अशी सूत्रे लिहून काढली. मार्गदर्शक मॅडमनी माझी प्रश्नावली शेजारी ठेवली आणि कोणते सूत्र कोणत्या प्रश्नातून आले ते दाखवायला सांगितले. प्रत्येक सूत्राला त्याचा प्रश्न सापडला. मी विचारलेले विषयच माझ्याकडे परत आले होते. त्या माणसाने त्यांना दिलेला अर्थ त्यात कुठेच नव्हता.

मग मी लिप्यंतराच्या दोन्ही बाजूंना रुंद समास सोडून नव्याने सुरुवात केली. उजव्या समासात टिपणे करायची, ती तीन प्रकारची : तो काय सांगतो आहे, कोणत्या शब्दांत सांगतो आहे आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या प्रकारच्या टिपणांनी मला सर्वांत जास्त दिले. पहिले सहभागी रिक्षाचालक होते. ते म्हणाले होते, ‘ताई, सोमवारी मला मशीनला लावतात, मंगळवारी मी माझा असतो.’ आधीच्या वाचनात हे वाक्य मी ‘दिनक्रम’ या सूत्राखाली टाकून मोकळी झाले होते. आता दिसले, की सोमवारी ते स्वतः कर्म आहेत आणि ‘लावतात’ या क्रियापदाला कर्ताच नाही. मंगळवारी मात्र ‘मी’ कर्ता होऊन परत येतो. शिवाय ‘माझा’ म्हणताना, एरवी आपण दुसऱ्या कोणाचे तरी असतो, हेही त्यांनी सुचवले होते. डाव्या समासात मी लिहिले : ‘एक दिवस वस्तू, एक दिवस माणूस’. हे सूत्र कोणत्याही प्रश्नातून आलेले नव्हते.

मात्र हा माझा अर्थ होता, आणि तो त्यांच्या बोलण्याला धरून आहे की नाही हे तपासणे आवश्यक होते. म्हणून मी उरलेल्या सगळ्या पानांत त्यांचे ‘मी’, ‘मला’ आणि ‘आपण’ पेन्सिलने अधोरेखित केले. मशीनविषयी बोलताना बहुतेक ठिकाणी ‘मला’ किंवा ‘आपल्याला’ होते, रिक्षाविषयी बोलताना ‘मी’. एवढा आधार मिळाल्यावरच ते सूत्र ठेवले.

एका मुलाखतीतून अडतीस सूत्रे निघाली. ती चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरली आणि जी एकमेकांकडे ओढली जातात ती जवळ सरकवत गेले. त्यातून पाच गट झाले. दुसरी आणि तिसरी मुलाखत वाचताना पहिल्या चिठ्ठ्या पेटीत बंद केल्या, तरी दुसऱ्या मुलाखतीत ‘वस्तू’ हा शब्द माझ्या हातून तीनदा लिहिला गेला. सहभागीने तसे काही म्हटले नसल्याने तो तिन्ही ठिकाणी खोडला.

तिन्ही तक्ते शेजारी मांडल्यावर मी वरच्या पातळीचे, म्हणजे अधिसूत्राचे, नाव ‘हिरावलेला वेळ’ असे ठरवले. दोघांना ते चपखल बसत होते, पण तिसऱ्या बाईंनी ते मोडले. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या त्या गृहिणी म्हणाल्या होत्या, ‘ते चार तास मला कोणी हाक मारत नाही.’ हे वाक्य अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्याचा मोह मला झाला, हे खरे आहे. परंतु तीनच माणसे असताना एकाला अपवाद म्हणण्याला काहीच अर्थ नाही. दोन्ही अनुभवांत प्रश्न एकच होता, उत्तरे विरुद्ध होती. अधिसूत्राचे नाव ‘वेळ कोणाचा’ असे केल्यावर रिक्षाचालकांचा सोमवार आणि बाईंचे चार तास एकाच सूत्राच्या दोन टोकांना बसले. त्या नावासह पहिल्या लिप्यंतराकडे परत गेले, तेव्हा मशीनवर असताना त्यांना लागणाऱ्या झोपेचा उल्लेख दिसला. तो मी पूर्वी कोरडा तपशील समजून सोडला होता.

अंतिम तक्त्यात प्रत्येक अधिसूत्रापुढे तिघांचे उतारे पान आणि ओळ क्रमांकांसह लिहिले. एक चिठ्ठी कुठेच बसली नाही. दुसऱ्या सहभागीने डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलाची घरघर रात्री हात कानाशी नेऊन ऐकण्याविषयी सांगितले होते, ‘आवाज आहे म्हणजे चालू आहे.’ इतर दोघांच्या बोलण्यात त्याला जोड नव्हती, म्हणून तो उतारा अधिसूत्रात न ओढता त्याच्याच स्वतंत्र विवेचनात पूर्ण दिला.