3 म्हणजे 75 टक्के नाही! कौशल्यांच्या रेटिंगवरून एक ग्रेड काढताना

सेमिस्टर संपून महिना झाला तरी त्या ग्रेडबुकचा राग गेलेला नाही म्हणून लिहितेय. कोर्सची 8 कौशल्यं ठरवणं, प्रत्येकाला 1 ते 4 रेटिंग देणं, हे सगळं नीट पार पडलं. 1 म्हणजे नुकती सुरुवात, 2 म्हणजे अर्धवट, 3 म्हणजे जमलं, 4 म्हणजे नवीन ठिकाणीही स्वतःहून वापरता आलं.

अडकलं ते शेवटी. सॉफ्टवेअर 3 ला सरळ 4 पैकी 3 समजतं, म्हणजे 75 टक्के, आणि आमच्याकडे 80 च्या खाली सी. ज्या मुलीला मी आठही कौशल्यांत "जमलं" म्हटलं तिला सी! अहो, 1 ते 4 या पायऱ्या आहेत, मार्क नाहीत, 1 ते 2 चं अंतर आणि 3 ते 4 चं अंतर सारखंच असतं असं कोण म्हणालं?

त्याहून वाईट पुढे दिसलं. एकाची रेटिंग होती सहा 3, एक 4, एक 2. बेरीज 24. दुसऱ्याची पाच 4, एक 2, दोन 1. बेरीज तीही 24! दोघांना 75 टक्के, दोघांना सी, आणि दुसऱ्याला दोन कौशल्यं जवळपास येतच नव्हती. सरासरीत ते साफ लपलं. चार दिवस मी टक्क्यांचा तक्ता बदलत बसले, 3 ला 85 धर, 2 ला 70 धर, पण एक भोक बुजवलं की दुसरं पडायचं.

शेवटी सरासरीच सोडली आणि मोजणी केली. ए साठी आठही कौशल्यांत किमान 3 आणि त्यातले चार तरी 4. बी साठी किमान सात ठिकाणी 3 किंवा वर, आणि 1 एकही नको. सी साठी किमान पाच ठिकाणी, 1 फार तर एक. बाकी डी. आता पहिल्याला बी मिळतो, दुसऱ्याला डी, पण त्याने एका 1 चा 3 केला की लगेच सी, आणि नेमकं काय सुधारायचं ते त्यालाही कळतं. ग्रेडबुकमध्ये रेटिंग फक्त दिसतील, ग्रेडमध्ये धरली जाणार नाहीत अशी ठेवली आणि अंतिम ग्रेड हाताने भरली. मोजणी शीटमध्ये:

```
=COUNTIF(B2:I2,">=3")
=COUNTIF(B2:I2,4)
=COUNTIF(B2:I2,1)
```

हो, आधीच सांगायला हवं होतं, एकाच कौशल्याची 1, 2, 3, 3 अशी चार रेटिंग असतील तर त्यांचीही सरासरी काढू नका, आत्ता त्याला येतंय ते 3, तेच धरा. आणि "3 पेक्षा कमी किती" असं मोजू नका, रिकामा चौकोन त्यात मोजलाच जात नाही, म्हणून परीक्षा न दिलेला एकजण माझ्या पहिल्या यादीत बी घेऊन बसला होता.