रद्द करा की ठीक आहे

“अॅपमध्ये दोन-दोन शब्दांची मराठी बटणे तर असतात. ती तपासायला तुम्हाला आठ-आठ दिवस का लागतात?”

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते, कारण इंदूरच्या आमच्या घरगुती बैठकांपासून कामाच्या फोनपर्यंत मी या प्रश्नाला आजवर तुटक उत्तरेच देत आले आहे. ज्या दोन शब्दांबद्दल तुम्ही बोलता, ते मीही एकेकाळी आठ सेकंदांत तपासले होते. ते शब्द होते ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’.

डॉक्टरांची वेळ ठरवून देणारे एक अॅप होते. त्याचा मराठी मजकूर माझ्याकडे तक्त्याच्या स्वरूपात आला, सुमारे सहाशे ओळींचा, आणि ओळी लावल्या होत्या त्यांच्या सांकेतिक नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने. त्यामुळे पडद्यावर एका चौकटीत एकमेकांखाली दिसणारा मजकूर माझ्यासमोर तीन वेगवेगळ्या ठिकाणी होता. ‘तुमची भेट रद्द करायची आहे का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच होता, पहिले बटण बरेच खाली आणि दुसरे शेवटच्या भागात. त्यातली एक ओळ अशी होती:

```xml
<string name="cancel">रद्द करा</string>
```

शुद्धलेखन बरोबर, आदरार्थी रूप बरोबर, बाकीच्या बटणांशी सुसंगत. मी खूण केली आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि फेरतपासणीची वेळ तिने याच अॅपवरून घेतली. आदल्या रात्री वेळ पुन्हा पाहण्यासाठी तिने ते उघडले, कुठेतरी बोट लागले आणि तो प्रश्न समोर आला. मावशीने सरळ विचार केला: मला रद्द करायचे नाही, म्हणजे ‘रद्द करा’ दाबायचे नाही, आहे ते ठीक आहे, म्हणून ‘ठीक आहे’. कुठल्याही मराठी माणसाने असाच विचार केला असता. अॅपच्या दृष्टीने मात्र ‘ठीक आहे’ म्हणजे प्रश्नाला होकार होता, आणि ‘रद्द करा’ म्हणजे केवळ ती चौकट बंद करणे. वेळ रद्द झाली. ‘भेट रद्द केली’ ही सूचना खालच्या बाजूला सुमारे दोन सेकंद दिसून नाहीशी झाली, आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ती दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रिक्षाने गेली, यादीत नाव नाही असे ऐकून तासभर बसून राहिली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख घेऊन परत आली.

तिने मला फोन केला, तेव्हा मी तिला पहिले वाक्य म्हटले ते “नीट वाचायला हवे होतेस”. त्यावर तिने तो पडदा पुन्हा उघडून मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. ते शब्द मी खूण केलेले होते. माझ्या त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मी स्वतःचा बचाव केलाच नाही असे नाही. तक्ता मला तसाच दिला होता, पडद्यांची चित्रे कोणी दिली नव्हती, आणि एकच `cancel` ही ओळ चौदा ठिकाणी वापरली आहे हे तक्त्यावरून कळण्यासारखे नव्हते. हे सगळे खरे आहे. पण चित्रे मी मागितलीही नव्हती. तेव्हा माझे ठाम मत होते की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द दिला की भाषा सुसंगत झाली. ‘खाते’, ‘पावती’, ‘नोंदणी’ अशा नामांपुरते ते मत मला आजही मान्य आहे. बटण मात्र समोरच्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि प्रश्न बदलला की तेच उत्तर उलटा अर्थ देऊ शकते. ती चौकट आम्ही शेवटी अशी केली:

```xml
<string name="appt_cancel_yes">हो, रद्द करा</string>
<string name="appt_cancel_no">नको, वेळ राहू द्या</string>
```

आता मी प्रत्येक प्रश्न आणि त्याची बटणे पडद्याच्या चित्रासह एका ओळीत मांडते. मग प्रश्न झाकून फक्त बटणे वाचते. दाबल्यावर काय होईल हे तेवढ्यावरून सांगता आले नाही, तर ते बटण परत जाते. आठवड्यातले निम्मे दिवस यात जातात.

उरलेला वेळ कुठे जातो, तेही सांगते. त्याच अॅपमध्ये `%1$s मध्ये आज वेळ उपलब्ध नाही` अशी एक ओळ होती. `%1$s` या खुणेच्या जागी अॅप केंद्राचे नाव भरते, त्यामुळे पडद्यावर ‘नेत्र तपासणी केंद्र मध्ये’ असे उमटत होते. मराठीत ‘केंद्रामध्ये’ हवे, पण नावाचे सामान्यरूप अॅप करत नाही. ते आले तसे चिकटवते. म्हणून वाक्यच असे बांधावे लागते की नाव मूळ रूपात राहील: `%1$s येथे आज वेळ उपलब्ध नाही`. व्यक्तीचे नाव असेल तर ‘यांना’, ‘यांची’ लावून हेच साधते. अशा ओळी तक्त्यात निर्दोष दिसतात, म्हणून प्रत्येकीत दोन-तीन खरी नावे घालून वाचावे लागते.

इंदूरला राहण्याचा एक तोटाही मान्य करते. इथे मराठी मजकूर पुष्कळदा हिंदीवरून तयार होतो, आणि दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या माझ्या कानाला पत्त्याशेजारचे ‘संशोधन करा’ हे बटण पहिल्या वाचनात खटकले नव्हते. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. पुण्याच्या वाचकाला मात्र अॅप त्याच्या पत्त्यावर शोधकार्य करायला सांगत होते. तिथे ‘बदला’ पुरते. इंदूरची मराठी म्हणून जे मला नावे ठेवतात, त्यांना या एका बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही.

वाद अजून संपलेला नाही. प्रोग्रामर म्हणतात, प्रत्येक चौकटीला वेगळी ओळ दिली तर सहाशेच्या आठशे ओळी होतील आणि पुढच्या वेळी त्याही तपासाव्या लागतील. त्यांचे म्हणणे चूक नाही. मी लिहिलेली ‘भेट’ मावशी कधीच म्हणत नाही, ती ‘अपॉइंटमेंट’ म्हणते. पण तो शब्द बटणात मावत नाही म्हणून आम्ही ‘वेळ’ घेतला, आणि ‘वेळ राहू द्या’ हे मला अजूनही अपुरे वाटते. शिवाय मावशीने फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवली आहेत. तिच्या पडद्यावर ‘नको, वेळ राहू द्या’ दोन ओळींत तुटते आणि ‘द्या’ अर्धा कापला जातो. त्यावर काय करायचे हे मागच्या आठवड्यात ठरायचे होते, ते ठरलेले नाही.